लिंक उघडली की फक्त आपलंच पार्सल दिसावं, यासाठी मागे काय चालतं?

सांगलीच्या गणपती पेठेत हळद, मसाले आणि बेदाणे विकणारं एक जुनं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत त्यांचा बराचसा माल कुरिअरनं बाहेरगावी जातो. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली सांगलीची माणसं फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात, दुकानातला मुलगा ती संगणकावर चढवतो आणि माल पॅक होतो. त्यानंतर दिवसभर फोन सुरू. "काका, माझं पार्सल कुठं पोहोचलं?" एवढ्याच प्रश्नासाठी एक माणूस अडकून पडायचा.

यावर उपाय सगळ्यांच्या ओळखीचा आहे. माल निघाला की गिऱ्हाइकाला एक मेसेज जातो, त्यात लिंक असते, ती दाबली की ऑर्डर कुठंवर आली ते दिसतं. ॲप घ्यायला नको, खातं उघडायला नको, पासवर्ड नको. दुकानाच्या मालकांचं, म्हणजे काकांचं म्हणणंही तेच होतं, "लॉगिन वगैरे ठेवू नको. निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत."

काकांची मागणी रास्त आहे, पण तिच्यामुळेच खरा प्रश्न उभा राहतो. लॉगिन नाही म्हणजे लिंक उघडणारा माणूस कोण आहे हे सर्व्हरला माहीत नाही. तरीही त्यानं कोथरूडच्या बाईंना त्यांचीच ऑर्डर दाखवायची, आणि मिरजेच्या डॉक्टरांची ऑर्डर त्यांना चुकूनही दिसू द्यायची नाही. सर्व्हरच्या हातात फक्त एक गोष्ट असते : लिंकमध्ये लिहिलेली अक्षरं. सगळी सुरक्षितता त्या अक्षरांवर उभी करायची असते.

नंबर बदलला की शेजाऱ्याचं पार्सल

या दुकानाची पहिली सोय कुणीतरी घाईत करून दिली होती. तिची लिंक अशी होती :

```
https://dukan.example/order?id=4172
```

(दुकानाचा खरा पत्ता इथं देत नाही; `dukan.example` हे नाव उदाहरणापुरतं आहे.)

४१७२ हा ऑर्डर नंबर. आता ज्याच्या हातात ही लिंक आहे त्यानं शेवटचा २ खोडून ३ टाकला, की ४१७३ नंबरची ऑर्डर उघडते. त्या पानावर पूर्ण नाव, घर क्रमांकासकट पत्ता, मोबाईल नंबर, काय मागवलं आणि घरपोच द्यायचे पैसे किती, सगळं होतं. हे करायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. आठवीतला मुलगाही सहज करून बघेल.

आणि एकेक नंबर हातानं टाकत बसायचीही गरज नसते. चार ओळींचा प्रोग्राम १ पासून ४१७२ पर्यंतची पानं सेकंदाला एक या संथ गतीनं उघडत गेला, तरी सव्वा तासाच्या आत दुकानाची सगळी गिऱ्हाइकं एका फाईलमध्ये येतात. शिवाय धंद्याची गुपितं जातात ती वेगळीच. समोरच्या दुकानदारानं महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ऑर्डर दिली, शेवटच्या तारखेला दुसरी दिली आणि दोन नंबरांची वजाबाकी केली, की तुमची महिन्याची विक्री त्याला घरबसल्या कळते.

"पत्ता दिसला तर काय बिघडलं?" असं विचारणारे भेटतात. बिघडतं ते असं. फसवणूक करणाऱ्याचा फोन येतो : "ताई, सांगलीहून तुमचं हळदीचं पार्सल आलंय, १,३४० रुपये द्यायचेत, पण पत्त्यात विंग लिहिलेली नाही. मी लिंक पाठवतो, त्यावर पाच रुपये भरून पत्ता दुरुस्त करा." गाव खरं, माल खरा, रक्कम खरी. एरवी असल्या फोनला दाद न देणारी बाई इथं सहज विश्वास ठेवते, कारण एवढी माहिती दुकानाशिवाय कुणाकडे असणार असं तिला वाटतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सांभाळण्यासाठी रास्त खबरदारी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे ती अशाच कारणांसाठी. पण छोट्या दुकानाचं खरं नुकसान त्याच्या आधीच झालेलं असतं. ज्या बाईंचे पैसे गेले त्या पुन्हा इथून हळद मागवत नाहीत.

नेमकी चूक कुठं आहे? ऑर्डर नंबर हा ऑर्डरचं नाव आहे. ती कुणाला दाखवायची याची परवानगी त्यात नाही. गणपती मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडवर तुम्ही नुसतं तोंडानं "बेचाळीस" म्हणालात तर कुणी चपला देत नाही, हातातला बिल्ला दाखवावा लागतो. आकडा सगळ्यांना माहीत असू शकतो, बिल्ला एकाकडेच असतो. वरच्या लिंकमध्ये सर्व्हर नुसता आकडा ऐकून चपला देत होता. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था नेहमी आढळणाऱ्या धोक्यांची यादी काढते, तिच्या २०२१ च्या यादीत परवानगी न तपासण्याचा हा प्रकार पहिल्या क्रमांकावर होता.

नंबर झाकून भागत नाही

हे लक्षात आणून दिलं की पुष्कळ जण आकडा वेडावाकडा करून लिहितात. ४१७२ ऐवजी लिंकमध्ये `NDE3Mg==` दिसू लागतं, आणि मालकाला वाटतं आता कुणाला काही कळणार नाही. पण हा बेस६४ नावाच्या पद्धतीनं लिहिलेला तोच आकडा आहे. ४१७३ चं रूप `NDE3Mw==`. कुणीही कोणत्याही संगणकावर क्षणात उलगडू शकतो आणि पुढचा तयार करू शकतो. ऑर्डर नंबराचा एमडी५ हॅश, म्हणजे ठरावीक सूत्रानं त्याच्यावरून काढलेली अक्षरं, लिंकमध्ये घालणं हीसुद्धा तीच गत. ती ३२ अक्षरं भारदस्त दिसतात खरी, पण १ पासून १०,००० पर्यंतच्या सगळ्या आकड्यांचे एमडी५ काढायला साध्या लॅपटॉपला एक सेकंदही लागत नाही. जे ऑर्डर नंबरावरून काढता येतं, ते दुसऱ्यालाही काढता येतं.

म्हणून लिंकमधल्या अक्षरांचा ऑर्डर नंबराशी, तारखेशी, मोबाईल नंबराशी काहीही संबंध नको. ती निव्वळ यादृच्छिक हवीत, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी. यालाच टोकन म्हणतात. पायथॉनमध्ये ते एका ओळीत तयार होतं :

```python
import secrets
token = secrets.token_urlsafe(16)
```

यातून १६ बाइट, म्हणजे १२८ बिटांची यादृच्छिक संख्या निघते आणि ती २२ अक्षरांत लिहिली जाते. लिंक मग अशी होते :

```
https://dukan.example/t/Vq3nR8xkT0mZ5bLw9cHd2A
```

इथं `secrets` वापरणं महत्त्वाचं आहे. पायथॉनमधलं `random` किंवा जावास्क्रिप्टमधलं `Math.random()` हे खेळासाठी, नमुने निवडण्यासाठी ठीक आहे. पण त्यातून निघालेले काही आकडे हाती लागले तर पुढचे आकडे गणितानं काढता येतात. गुपितासाठी ते चालत नाही.

आता २२ अक्षरं कशाला, सहा का नकोत, हा प्रश्न काकांनीही विचारला होता. तो रास्त होता, कारण मेसेजची लांबी पैशात मोजली जाते. सहा अक्षरांचं गणित करून पाहू. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. सहा जागांसाठी सुमारे ५,६८० कोटी शक्यता होतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण दुकानाच्या १०,००० लिंका चालू असतील, तर दर ५६ लाख ८० हजार अंदाजांमागे सरासरी एक बरोबर लागणार. सेकंदाला शंभर अंदाज टाकले तर हे काम सोळा तासांत होतं. चोराला कोथरूडच्याच बाई हव्यात असं थोडंच आहे? त्याला कुणीही चालतं, आणि म्हणूनच एकूण शक्यता किती यापेक्षा चालू लिंका किती दाट आहेत हे पाहावं लागतं.

२२ अक्षरांच्या टोकनला एकूण शक्यता ३९ अंकी आहेत. त्याच गतीनं अंदाज टाकत बसलं तर पहिली लिंक लागेपर्यंत जाणारा काळ विश्वाच्या वयाच्या कितीतरी पट भरतो. इथं अंदाजाचा रस्ता खरोखरच बंद होतो.

मेसेजच्या सत्तर अक्षरांत

मेसेजच्या लांबीचा हिशोब सांगायलाच हवा, कारण टोकन छोटं करण्याचा मोह तिथूनच येतो. इंग्रजी एसएमएसला एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मिळतात. देवनागरी आली की तीच मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "निघाली" हा तीन अक्षरी शब्द सहा जागा खातो. वरची लिंक ४६ जागा घेते, उरतात २४. "तुमची ऑर्डर निघाली: " एवढं त्यात बसतं, मिळून ६६. दुकानाचं नाव घातलं की मेसेज दोन भागांत जातो आणि पैसे दोनाचे लागतात.

काही पैशांचा फरक आहे. माझं मत विचाराल तर नाव घाला, दोन मेसेजचे पैसे भरा, पण टोकनला हात लावू नका. पैसे वाचवायला फुकटच्या लिंक छोट्या करणाऱ्या सेवाही नकोत. त्यात दुकानाचं नाव झाकलं जातं, आणि सहा अक्षरांचा प्रश्न मागच्या दारानं परत येतो. कारण त्या छोट्या लिंकचा अंदाज बांधला की ती तुमच्या २२ अक्षरांच्या पत्त्यावर आपणहून नेऊन सोडते.

आपल्याकडे धंद्याचे एसएमएस पाठवायला डीएलटी या मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी करावी लागते. मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यायचा आणि बदलणाऱ्या जागी ठरलेली खूण ठेवायची. त्या एका जागेत २२ अक्षरांचं टोकन आरामात मावतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानं मेसेजमधल्या लिंकचीही आधी नोंदणी लागते, नाहीतर मेसेज अडवला जातो. लिंकचा ठरलेला भाग, म्हणजे `https://dukan.example/t/`, साच्यात पक्का लिहायचा आणि फक्त टोकन बदलतं ठेवायचं. याचा एक चांगला परिणाम होतो : दुकान दर वेळी एकाच पत्त्यावरून लिंक पाठवतं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तो पत्ता ओळखीचा होतो.

ओळखताना कुठं पाहायचं तेही सांगतो. `https://` नंतर पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचं नाव खरं. `dukan.example/t/...` हे दुकानाचं. पण `dukan.example.parcel-help.example/t/...` हे दुकानाचं नव्हे, ते `parcel-help.example` वाल्याचं आहे. पुढं जोडलेलं दुकानाचं नाव नुसता देखावा.

लिंक दाबल्यावर

कोथरूडच्या बाईंनी लिंक दाबली. फोन आणि सर्व्हर यांच्यातला रस्ता `https` मुळे झाकलेला असतो. त्यामुळे वाटेतल्या वायफायवाल्याला फार तर दुकानाच्या साइटचं नाव कळतं, टोकन कळत नाही. सर्व्हर टोकन घेतो आणि डेटाबेसमध्ये शोधतो :

```sql
SELECT order_id FROM track_links
WHERE token_hash = ? AND expires_at > now();
```

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, फोनकडून ऑर्डर नंबर घेतलाच जात नाही. टोकनवरून सर्व्हरच तो काढतो. "टोकनही घेऊ आणि सोबत ऑर्डर नंबरही घेऊ" असं केलं की कधीतरी कुणीतरी टोकन बरोबर आहे एवढंच तपासतो, आणि नंबर मात्र फोनकडून आलेला वापरतो. मग बाई आपल्या टोकननं डॉक्टरांची ऑर्डर उघडू शकतात. दुसरी गोष्ट, डेटाबेसमध्ये टोकन जसंच्या तसं ठेवलेलं नाही. त्याचा एसएचए-२५६ हॅश ठेवला आहे. डेटाबेसची एखादी प्रत बाहेर गेली तरी त्यातून चालू लिंका परत तयार होत नाहीत. आधी एमडी५ ला नावं ठेवली आणि आता हॅश कसा चालतो, असं वाटेल. तिथं मूळ गोष्टच चार अंकी आकडा होती, म्हणून सगळे पर्याय काढून पाहता येत होते. इथं मूळ गोष्ट १२८ बिटांची आहे.

टोकन चुकीचं असलं, मुदत संपलेली असली किंवा ते कधी अस्तित्वातच नसलं, तरी उत्तर एकच : "ही लिंक चालू नाही. दुकानाला फोन करा." अंदाज टाकणाऱ्याला आपण जवळ आलो की लांब आहोत याचा काहीही सुगावा लागू द्यायचा नाही.

पानावर किती दाखवायचं

आता लिंकची एक मर्यादा मान्य करूनच पुढं जावं लागतं. बिल्ला ज्याच्या हातात, त्याला चपला. बाई ती लिंक मुलाला पाठवतील, मुलगा सोसायटीच्या वॉचमनला पाठवेल, कुणी ती घरच्या ग्रुपवर टाकेल. हे गैर नाही, लोक असंच वागतात. त्यामुळे पान असं हवं की ते तिसऱ्यानं पाहिलं तरी फारसं काही हाती लागू नये.

गणपती पेठेतल्या दुकानाच्या पानावर आता एवढंच आहे : माल पॅक झाला, कुरिअरकडे दिला, पुण्यात पोहोचला, आज वाटपाला निघाला, आणि प्रत्येक टप्प्याची तारीख-वेळ. पत्त्याच्या जागी "कोथरूड, पुणे". मोबाईलचे शेवटचे दोन अंक. नाव नाही. रक्कम नाही. बाईंना स्वतःचं नाव माहीत आहे, ते पानानं सांगायची गरज नाही.

पूर्ण पत्ता बघायचा किंवा बदलायचा असेल तर ओटीपी लागतो, आणि तो ऑर्डरवर आधीपासून असलेल्या मोबाईलवरच जातो. पानावर "तुमचा नंबर टाका" असं विचारून त्याच नंबरावर ओटीपी पाठवला तर ती पडताळणी नाही, कारण चोर आपलाच नंबर टाकेल. काही ठिकाणी ओटीपीऐवजी पिनकोड विचारतात. पण पानावर "सांगली" लिहिलेलं असताना ४१६४१६ ओळखायला कितीसा वेळ लागणार? मोबाईलचे शेवटचे चार अंक विचारले तर दहा हजार शक्यता होतात, म्हणून पाच चुकांनंतर कुलूप पडलंच पाहिजे. नाहीतर प्रोग्राम ते सगळे टाकून पाहतो.

इथंच एक खोड अशी आहे जी पान बघून कधीच कळत नाही. पडद्यावर दोनच अंक दिसतात, पण सर्व्हरनं फोनकडे पाठवलेल्या उत्तरात हे असतं :

```json
{"status": "out_for_delivery",
 "city": "पुणे",
 "name": "…", "mobile": "…", "address": "…"}
```

म्हणजे पूर्ण माहिती फोनपर्यंत पोहोचली आणि मग पानानं ती झाकली. झाकणं फोनवर झालं, सर्व्हरवर नाही. हे तपासायला संगणकावर क्रोममध्ये लिंक उघडा, `F12` दाबा, `Network` मध्ये जा, पान पुन्हा लोड करा आणि यादीतल्या ओळींवर क्लिक करून `Response` वाचा. तिथं पूर्ण मोबाईल दिसला तर पान बनवणाऱ्याला सांगा की नको असलेले रकाने सर्व्हरवरून निघूच नयेत. डेटाबेसमधली अख्खी ओळ उचलून पाठवायची सवय यामागे असते. त्याऐवजी लागतील तेवढेच रकाने नाव घेऊन निवडायचे.

बाजूची दारं

मुख्य लिंक नीट झाली की लोक निश्चिंत होतात, आणि मग पानावरच्या "बिल डाउनलोड करा" बटणाखाली `/invoice/4172.pdf` असतं. पुन्हा तोच नंबर, पुन्हा तेच सगळं, आणि बिलावर तर नाव-पत्ता-रक्कम छापलेलीच असते. माल दिल्याचा पुरावा म्हणून काढलेल्या फोटोंचीही हीच गोष्ट. त्या फोटोत दार असतं, दारावर नावाची पाटी असते. टोकन फक्त पानाला लावून चालत नाही. त्या पानावरून उघडणारी प्रत्येक फाईल त्याच तपासणीतून जायला हवी.

दुसरं दार कॅशचं. साइट जलद उघडावी म्हणून मधल्या सर्व्हरवर पानांच्या प्रती साठवतात. एकाचं खासगी पान तिथं साठलं तर पुढच्याला तेच दाखवलं जाऊ शकतं. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर नेमकं हेच झालं. कॅशची मांडणी चुकली आणि लोकांना आपल्या खात्याच्या जागी दुसऱ्याच कुणाच्या खात्याची पानं दिसू लागली. चोरी कुणीच केली नव्हती. म्हणून ट्रॅकिंगच्या पानासोबत सर्व्हरनं या सूचना पाठवायच्या :

```
Cache-Control: no-store
Referrer-Policy: no-referrer
X-Robots-Tag: noindex
```

पहिली ओळ सांगते की प्रत साठवू नका. दुसरी सांगते की या पानावरून कुणी कुरिअरच्या साइटवर गेलं, तर "मी कुठून आलो" म्हणून टोकनसकट पत्ता तिकडे देऊ नका. तिसरी गूगलसारख्यांना सांगते की कुणी ही लिंक उघड्यावर टाकली तरी ती शोधात आणू नका. जाहिरातीचे किंवा किती जण आले ते मोजणारे बाहेरचे कोड या पानावर ठेवूच नयेत, कारण ते पानाचा पूर्ण पत्ता आपल्या मालकाकडे पाठवतात आणि या पानाचा पत्ता हीच किल्ली आहे.

"मग लिंक एकदाच उघडेल अशी करू या" असं सुचवलं जातं. ते इथं चालत नाही. व्हॉट्सॲपसारखी ॲप लिंकची झलक दाखवण्यासाठी, आणि फोनमधली काही सुरक्षेची ॲप तपासणीसाठी, पान आधीच उघडून बघतात. बाईंचं बोट लागायच्या आत लिंक संपलेली असेल. त्याच कारणानं नुसती लिंक उघडण्यानं काही बदल होता कामा नये. "माल मिळाला" ही नोंद वेगळं बटण दाबल्यावरच व्हावी.

कुरिअरच्या पार्सल नंबराबद्दल एक खंत आहे. पानावर तो दिला की गिऱ्हाईक कुरिअरच्या साइटवर जाऊन पाहू शकतं, पण तिथं किती माहिती उघडी ठेवायची हे दुकानाच्या हातात नाही. म्हणून तो नंबर पानावर ठेवलाच नाही. कुरिअरकडून स्थिती दुकानाचा सर्व्हर विचारून घेतो आणि आपल्या शब्दांत दाखवतो.

चुकीच्या फोनवर गेलेली लिंक

माल पोहोचल्यावर १५ दिवसांनी या दुकानाची लिंक बंद होते. तक्रार, परतावा असं काही असेल तर तेवढ्यात कळतं. जुन्या लिंका कायम चालू ठेवल्या तर गिऱ्हाइकानं फोन विकला, नंबर बंद केला, तो कंपनीनं दुसऱ्याला दिला, तरी त्या उघडतच राहतात.

दुकानाची चाचणी कशी करायची हे काकांच्या मुलानं शिकून घेतलं आहे. स्वतःच्या नावानं एक ऑर्डर, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावानं दुसरी. पहिलीच्या लिंकमधलं एक अक्षर बदलून पाहायचं, "चालू नाही" यायला हवं. पहिलीच्या बिलाच्या लिंकमध्ये दुसरीचा नंबर घालून पाहायचा. एका फोनवर पहिली उघडून लगेच दुसऱ्यावर दुसरी उघडायची, दोन्ही पानं आपापली दिसायला हवीत. दुसऱ्या कुणाच्या साइटवर किंवा खऱ्या गिऱ्हाइकाच्या लिंकवर हे प्रयोग करू नयेत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या माहितीत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं.

दिवाळीच्या गर्दीत ऑर्डर चढवताना मोबाईलचा एक अंक चुकला आणि मेसेज इस्लामपूरच्या एका अनोळखी माणसाला गेला. त्यानंच फोन करून सांगितलं. त्याला काय दिसलं होतं? एक पार्सल कुरिअरकडे दिलंय आणि ते कोथरूडला निघालंय, एवढंच. नाव नाही, पत्ता नाही, रक्कम नाही. मुलानं नंबर दुरुस्त केला आणि "नवीन लिंक पाठवा" दाबलं. त्या ऑर्डरचं जुनं टोकन त्याच क्षणी रद्द झालं, नवं तयार होऊन बाईंच्या फोनवर गेलं. ऑर्डर नंबर तोच राहिला, बिल तेच राहिलं. इस्लामपूरच्या फोनवर ती लिंक पुन्हा दाबली तर आता "ही लिंक चालू नाही" एवढंच येतं.